अनधिकृत गैरहजर

सरकारी कचेरीत 'अनधिकृत गैरहजर' या सदरात मोडणारा कर्मचारी, म्हणजे रजा मंजूर झालेली नसताना किंवा मंजूर रजा संपून गेल्यावरही कामावर न येणारा, हा आळशी असतो असा सार्वत्रिक समज असला तरी तो निराधार होय. कारण नोटीस चुकवण्यासाठी तो जितके कष्ट उपसतो त्याच्या निम्मे जरी त्याने कामासाठी उपसले असते, तरी त्याच्या टेबलावर एकही प्रकरण प्रलंबित राहिले नसते.

आस्थापना शाखेचा, म्हणजे नेमणुका, रजा व सेवापुस्तके सांभाळणाऱ्या शाखेचा, लिपिक हा त्याचा जन्माचा प्रतिस्पर्धी. 'ही नोटीस मिळाल्यापासून सात दिवसांच्या आत कामावर हजर होऊन लेखी खुलासा सादर करावा, अन्यथा आपणांस काहीही सांगावयाचे नाही असे गृहीत धरून महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ अन्वये कारवाई करण्यात येईल,' असा मसुदा लिपिक तयार करतो आणि गैरहजर गृहस्थ त्यातील 'मिळाल्यापासून' एवढाच शब्द मनावर घेतात. नोटीस मिळालीच नाही तर मुदत सुरू कशी होणार, या विचाराने ते पोस्टमनच्या वेळेला नेमके घराबाहेर असतात आणि पाकीट 'घर बंद' अशा शेऱ्यानिशी परत येते. पाकीट तोंडावर नाकारण्याची चूक ते कधीच करीत नाहीत, कारण 'घेण्यास नकार' हा शेरा पडला की नोटीस बजावली गेली असे सामान्यतः धरले जाते, हे त्यांना लिपिकापेक्षाही नीट ठाऊक असते. मुरलेला लिपिक मग दुसऱ्या नोटिशीत हजर होण्याची तारीखच घालतो, आणि शिपाई व दोन पंच पाठवून ती दारावर चिकटवून पंचनामा करून घेतो.

एवढा खटाटोप करावा लागतो, कारण संविधानाच्या अनुच्छेद ३११ नुसार चौकशी करून बाजू मांडण्याची वाजवी संधी दिल्याखेरीज अशा कर्मचाऱ्यास एरवी बडतर्फ करता येत नाही. शिवाय गैरहजेरी हेतुपुरस्सर होती हे सिद्ध झाले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली कृष्णकांत परमार यांच्या प्रकरणात म्हटले आहे. 'हेतुपुरस्सर' म्हणजे येता येत असूनही न येणे; आजारपण, अपघात अशा नाइलाजाने झालेली गैरहजेरी त्यात बसत नाही, आणि या निकालाचा आडोसा खऱ्या आजाऱ्याइतकाच आपल्या गृहस्थांनाही मिळतो.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी, दुपारच्या चहाच्या सुमारास ते प्रसन्न चेहऱ्याने अवतरतात. हाती कंबरदुखीचा दाखला असतो; दुखणे गैरहजेरीच्या पहिल्या दिवशी सुरू होऊन कालच संपलेले असते. जोडीला, ते कामास योग्य असल्याचे प्रमाणपत्रही असते. रजा हक्क म्हणून मागता येत नाही, हा नियम लिपिक त्यांना दाखवतो. ते तो आदराने वाचतात, हजर झाल्याचा अहवाल देतात आणि गैरहजेरीचा काळ रजा म्हणून नियमित करावा असा अर्जही सोबत जोडतात. तो अर्ज साहेबांपुढे जाण्याआधीच त्यांची खुर्ची पुन्हा रिकामी होते. लिपिकाने जुना मसुदा जपून ठेवलेला असतो; तारखा तेवढ्या बदलाव्या लागतात.