जमलं तर समेवर, नाही तर परभणी

परभणीतल्या लग्नाच्या व्हिडिओत नवरदेव घोड्यावरून उतरतो, वरमाला पडते, मामा फेटा सावरतात, नवरी गाडीत बसते आणि गाणं मात्र ऐन कडव्यात मान टाकतं. गायिकेचा आवाज हळूहळू बारीक होत जातो, जणू कुणी तिला ओढत वसमत रोडला घेऊन चाललंय. याला एडिटिंगच्या टेबलावर ‘फेड मारणे’ म्हणतात. व्हिडिओ संपला, गाणं उरलं, मारा फेड. ‘बनी तो बनी, नही तो परभणी’ ही म्हण जिल्ह्याबाहेरच्यांनी उगाच बदनाम केली असेल; पण फेड मारणाऱ्यांनी तिला थोडा हातभार लावलाच आहे.

मापात बसवायची ही कटकट नवी नाही. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जाननं तबकड्यांसाठी गायला सुरुवात केली, तेव्हा मैफलीत तासभर रंगणारा राग तिला तीनेक मिनिटांत आटोपावा लागला. शेवटी ती इंग्रजीत स्वतःचं नावही सांगून टाकायची, म्हणजे तबकडी कुणाची याबद्दल कारखान्यात कुणाच्या मनात शंका नको. त्या काळच्या गवयांनी आलाप आखडते घेतले, पण गाणं संपवलं ते समेवरच.

व्हिडिओवाल्यालाही हेच करायचं असतं. फरक इतकाच, की गायक त्याच्यासमोर नसतो आणि मुलीचा बाप असतो.

एक हिशेब मांडू. हायलाइटचा व्हिडिओ २ मिनिटं ३८ सेकंदांचा, गाणं ४ मिनिटं २४ सेकंदांचं. गाण्याची लय मिनिटाला ९६ ठोके. चार ठोक्यांचं एक आवर्तन धरलं, तर ते अडीच सेकंदांचं होतं. म्हणजे गाण्यातून जे काही काढायचं ते अडीच सेकंदांच्या पटीत. जास्तीचे १०६ सेकंद आहेत म्हणून बरोबर १०६ कापले, तर ठोका अडखळतो आणि नाचणाऱ्या वऱ्हाडाचा पाय हवेतच राहतो.

कात्री लावायची जागा गाणंच दाखवतं. पहिलं कडवं संपून मुखडा परत येतो. मग वाद्यांचा तुकडा, दुसरं कडवं आणि पुन्हा तोच मुखडा. या गाण्यात वाद्यांची ८ आवर्तनं, कडव्याची २४ आणि मुखड्याची ८, अशी ४० आवर्तनं, म्हणजे १०० सेकंद एका दमात निघतात. पहिल्या कडव्यानंतरचा मुखडा जिथं संपतो, तिथंच दुसऱ्या मुखड्यानंतरचा शेवट आणून चिकटवायचा. दोन्हीकडं आधी तोच मुखडा झालेला, म्हणून कानाला चोरी कळत नाही. कात्री सम पडण्याच्या किंचित आधी लावायची आणि दोन्ही टोकं अगदी थोडी एकमेकांवर चढवायची. नाहीतर सांध्यावर ‘टक्’ असा आवाज येतो. सांधा तपासायचा तर पाचेक सेकंद मागून लावावं, डोळे मिटावेत आणि पायानं ठेका धरावा. पाय थबकला, की सांधा चुकला.

आता गाणं २ मिनिटं ४४ सेकंदांचं झालं आणि व्हिडिओ ६ सेकंद आखूड पडला. अशा वेळी गाण्याला नव्हे, चित्राला हात लावायचा. ३ सेकंद मामांना वाढवून द्यायचे. फेटा सावरायला तेवढे लागतातच. उरलेले ३ सेकंद नवरा-नवरीच्या नावांच्या पाटीला, म्हणजे शेवटच्या ठोक्याची आस तिच्यावर पूर्ण विरते. मामा खूश, गाणंही खूश.

उलट गाणं अपुरं पडलं, तर वाद्यांचाच तुकडा पुन्हा लावतात. दोनदा खपतो. तिसऱ्यांदा लावला, की पोरं हसू लागतात.

ही सगळी विद्या गंगाखेडच्या भजनापुढं मात्र हात टेकते. टाळ-मृदंगाचं भजन संथ सुरू होतं आणि रंगात येत येत लय चढत जाते. तिथं अडीच सेकंदांचा हिशेब पाच मिनिटंही टिकत नाही. सुरुवातीची संथ ओळ शेवटच्या द्रुत ओळीला जोडली, तर टाळकऱ्यांना मागून कुणी ढकलल्यासारखं वाटतं. त्यामुळं लांबून तोडून जोडायचं नाही. जवळजवळची, लय सारखी असलेली आवर्तनं थोडी थोडी काढायची. काम वेळखाऊ आहे, आणि घाईचं गिऱ्हाईक तर दारातच उभं असतं.

काही सिनेगीतं मुळातच फेड होऊन संपतात. त्यांना शेवट नसतोच. मग गाण्यातच कुठंतरी सगळी वाद्यं मिळून समेवर थांबतात ती जागा हुडकायची आणि ती उचलून शेवटी ठेवायची. तेवढ्यावर व्हिडिओ असा ठसक्यात संपतो, की टाळ्या पडतात.

मग पेनड्राइव्ह घरी जातो आणि संध्याकाळी नवरीचा फोन येतो : “दादा, दुसरं कडवं कुठं गेलं? ते तर आमचं होतं!”