मंजूर म्हणजे पाहिलेलं

कड्याच्या स्टँडवर चहा घेत होतो, तेवढ्यात भाच्याचा फोन आला. "मामा, तुम्हाला अरबी येतं ना?"

मस्कतच्या एका कचेरीत नऊ वर्षं टायपिंग करून परतल्यापासून माझं अरबी फक्त खजुराच्या डब्यापुरतं उरलं होतं. संभाजीनगरला भाच्याच्या खोलीत एक येमेनी मुलगा राहतो. त्याला शिष्यवृत्ती लागली होती. पत्र इंग्रजीत आणि वडिलांना अरबीशिवाय काही वाचता येत नाही. "मग पोरानंच का नाही लिहून दिलं?" मी विचारलं. तर म्हणे, त्यानं लिहिलं तर वडील म्हणतील, कार्ट्यानं आपल्या सोयीच्या अटी घातल्यात!

फोटो आला. पत्र गादीवर अंथरलेलं, एका कोपऱ्यावर अंगठा आणि मधोमध ट्यूबलाइटची पांढरी रेघ. ती नेमकी रुजू होण्याच्या तारखेवरून गेलेली. जुलै दिसत होता, एक दिसत होता, पण एकाच्या आधी दोन की तीन, ते दिसेना.

"मामा, ३१ टाका की. महिनाअखेर बरी असते."

मी टाकली नाही. तिथं चौकटी कंस करून 'ग़ैर मक़रूअ', म्हणजे वाचता येत नाही, असं लिहिलं आणि ट्यूब बंद करून खिडकीपाशी फोटो काढायला सांगितलं. दुसऱ्या फोटोत तारीख निघाली २१. महिनाअखेरीच्या भरवशावर पोरगं दहा दिवस उशिरा पोचलं असतं.

बाकी काम सोपं वाटत होतं. अर्ज, मंजूर, रक्कम, मुदत हे सगळं आपल्या तहसिलात अरबीतूनच आलंय. परत पाठवायला कितीसा वेळ? पण हे शब्द सासरी येऊन इतके बदललेत की माहेरचे लोक ओळखत नाहीत. अरबीत 'मंज़ूर' म्हणजे पाहिलेलं. शिष्यवृत्ती मंजूर झाली असं लिहिलं असतं, तर वडिलांना वाटलं असतं की कोणीतरी ती नुसती बघून ठेवली. 'रक़म' म्हणजे आकडा; पैशाला 'मब्लग़' म्हणायचं. 'ग़रीब' म्हणजे परका. या पोराला तो शब्द लागू होता, पण अट उत्पन्नाची होती. आणि आपल्या अर्जाला तिकडे 'तलब' म्हणतात. आमच्याकडे तलब आली की माणूस टपरीवर जातो, कचेरीत नाही.

सगळ्यात फसवी निघाली मुदत. आपण 'मुदत संपली' म्हणतो, तेव्हा मनात शेवटची तारीख असते. अरबी 'मुद्दा' म्हणजे कालावधी, किती दिवस ते. शेवटच्या तारखेला 'फ़ी मौइद अक़्साहु' म्हणायचं, म्हणजे 'जास्तीत जास्त या दिवसापर्यंत', आणि पुढे २१ जुलै. नुसतं 'क़ब्ल', म्हणजे 'आधी', लिहिलं तर २१ तारीख बाहेर पडते आणि एक दिवस गिळला जातो. महिन्याचं नावही माणूस पाहून लिहावं लागतं. येमेनमध्ये जुलैला 'यूलियू' म्हणतात; हेच पत्र बगदादला जायचं असतं तर 'तम्मूज़' लिहिलं असतं.

मग भाच्याचा हट्ट. "मामा, जरा गोड करून लिहा. अभिनंदन वगैरे."

पत्रात अभिनंदन नव्हतं. 'कळवण्यास आनंद होतो' एवढंच होतं, तेवढंच लिहिलं. ७५ टक्के हजेरी नसेल तर शिष्यवृत्ती काढून घेतली 'जाऊ शकते', असं होतं. तिथं 'यजूज़' लिहिलं, म्हणजे तशी मुभा आहे. 'काढली जाईल' लिहिलं असतं तर वडिलांनी रोज सकाळी फोन करून हजेरी घेतली असती. 'रुजू व्हावे' तिथं मात्र सक्ती होती. साधा भविष्यकाळ घातला तर ते ज्योतिष्याचं वाक्य होतं, म्हणून 'यतअय्यनु अला', म्हणजे विद्यार्थ्यावर बंधन आहे, असं लिहिलं.

कागद पाठवला तर भाच्याचा पुन्हा फोन. "मामा, मूळ कागदपत्रं १५ दिवसांत द्यायचीत, तुम्ही १० लिहिलंय!"

नव्हतं लिहिलं. तिकडचा पाच हुबेहूब आपल्या शून्यासारखा असतो, त्यांचं शून्य म्हणजे नुसता ठिपका, आणि त्यांचा सहा इंग्रजी सातासारखा. तरी त्याचं ऐकून आकड्यापुढे अक्षरी पंधराही लिहिलं. वर ठळक टीप टाकली, की हा मजकूर घरी वाचण्यापुरता आहे. सरकारी कामाला अधिकृत अनुवादकाचा शिक्का लागेल. शिक्क्याला तिकडे 'ख़त्म' म्हणतात. मला वाटलं, कामही खतम.

शेवटचा चहा मागवला आणि फोटोच्या तळाशी बारीक अक्षरात इतका वेळ नजरेतून सुटलेली ओळ दिसली: कृपया मागील पानावरील अटी पाहाव्यात.

भाच्याला विचारलं. "हां, मागं पण काहीतरी आहे मामा, पण सगळं बारीक होतं म्हणून फोटो नाही काढला."

मागे आणखी नऊ अटी निघाल्या. तेव्हा मंडळी, कुणालाही पत्र पाठवाल तर चारी कोपरे आणि पाठ, दोन्हींचे फोटो पाठवा. आणि चहाचे पैसे आधी द्या.