उशीर झाला, पण केला कोणी? घरगुती केकवाल्यांसाठी माफीची पोस्ट लिहिण्याचं शास्त्र

विंचूरसारख्या गावात घरून केक करणाऱ्या बाईवर कधी ना कधी असा रविवार येतोच. चौदा ऑर्डरी, त्यातल्या सहा उशिरा पोहोचलेल्या, दोन केकवर भलतंच नाव, आणि एगलेस सांगितलेला एक केक अंड्याचा. सोमवारी सकाळी व्हॉट्सॲप स्टेटसवर माफी टाकायची असते. या कामी मराठी भाषेसारखी मदत दुसरं कोणी करणार नाही. ‘काही अपरिहार्य कारणांमुळे काल थोडा उशीर झाला, कोणाचं मन दुखावलं असल्यास दिलगीर आहोत’ असं लिहावं. ‘उशीर झाला’ या वाक्याचा कर्ता कोण? उशीर. म्हणजे जे काही झालं ते त्याचं त्यानेच केलं, केकवाल्या ताई फक्त तिथे हजर होत्या. ‘नाव चुकलं’, ‘केक बदलला गेला’, ‘लक्षात राहिलं नाही’ हीसुद्धा अशीच सोयीची वाक्यं, त्यांत माणूस शोधून सापडत नाही. ‘असल्यास’ तर रत्नच आहे. सात वाजता जमलेली पोरं नऊपर्यंत फुगे फोडत बसली, पण यजमानांचं मन दुखावलं की नाही हे अजून सिद्ध व्हायचं आहे, असा त्याचा अर्थ. आणि ‘आहोत’ हे अनेकवचन मुळीच सोडू नये. एका ओव्हनची बेकरी त्यामुळे एकदम कंपनी वाटते.

या पद्धतीत एकच खोट आहे, ती म्हणजे वाचणाऱ्याला ती कळते. ओहायो स्टेट विद्यापीठातले रॉय लेविकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2016 मध्ये माफीचे सहा घटक वेगळे करून 755 लोकांपुढे ठेवले होते. खेद, कारण, जबाबदारीची कबुली, पश्चात्ताप, भरपाईची तयारी आणि क्षमेची याचना. लोकांच्या लेखी सगळ्यात मोलाची ठरली ‘चूक माझी’ ही कबुली, तिच्या पाठोपाठ भरपाई. हात जोडून ‘माफ करा’ म्हणणं शेवटच्या नंबरावर गेलं. आपल्या पोस्टींमध्ये क्रम नेमका उलटा असतो. हात जोडलेली चित्रं पाच, आणि कबुलीच्या जागी महावितरण.

‘पण वीज खरंच गेली होती!’ हा पहिला आक्षेप, आणि तो खोटा नसतो. मात्र तो मांडण्याआधी त्या रविवारचा हिशेब कागदावर करून पाहावा. घरगुती ओटीजीत अर्ध्या किलोचे दोन डबे एका वेळी बसतात, तापवणं आणि भाजणं मिळून पाऊण ते एक तास. सकाळी सहाला सुरुवात केली तर पहिले दोन स्पंज सातला बाहेर येतात आणि निवून साडेआठला हाताशी लागतात. गरम स्पंजवर क्रीम लावलं की ते पाझरतं, म्हणून इथे घाई चालत नाही. चौदा केकांचे सात घाणे दुपारी एकपर्यंत उरकतात, तेव्हा ओव्हनला दोष देता येणार नाही. अडतं ते पुढे. स्पंज कापणं, पाक शिंपडणं, क्रीमचे थर, फ्रीजमध्ये जरा बसवून पुन्हा क्रीम, कडेची नक्षी, वर नाव. एका केकला सरासरी पाऊण तास आणि हात दोनच. चौदा पाऊण म्हणजे साडेदहा तास. साडेआठपासून मोजलं तर संध्याकाळचे बरोबर सात होतात, तेही दिवसभर जेवण नाही, फोन नाही आणि वीज एक मिनिट गेली नाही असं धरून. सातला तर केक कापायचा होता. म्हणजे महावितरणने अखंड पुरवठा केला असता तरी चौदावा केक त्या वेळी टर्नटेबलवरच फिरत असता. उशीर झाला तो रविवारी नव्हे, गुरुवारी रात्री चौदाव्या ऑर्डरीला ‘हो ताई, होऊन जाईल’ असं टाइप केलं तेव्हा.

यावर जाणकार म्हणतील, स्पंज आदल्या रात्री भाजून, पूर्ण निववून, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवता येतात. अगदी बरोबर, ठेवावेतच. मग क्रीमचं काम सहालाच सुरू होईल. पण पाचला हात थांबवायचे, कारण केक पोहोचवायचेही आहेत. त्या अकरा तासांतून एक तास स्वयंपाक-जेवणाचा, एक तास विजेचा वजा केला की नऊ उरतात आणि त्यात बारा केक बसतात. चौदा तरीही नाहीत. विंचूर काही भोळं गाव नाही. लासलगाव बाजार समितीच्या इथल्या उपबाजारात कांद्याचा ट्रॅक्टर रांगेत लावून बसलेल्या माणसाला, पुढे किती वाहनं आहेत आणि आपला नंबर कधी येणार याचा अंदाज कोणी शिकवावा लागत नाही. त्याला ‘अपरिहार्य कारणं’ सांगणं जरा धाडसाचंच आहे.

उशीर आणि चूक एकाच पोस्टीत गुंडाळणं हे या शास्त्रातलं सर्वात लाडकं कौशल्य. ‘उशीर व इतर त्रुटी’ म्हटलं की अंडंही ‘इतर’मध्ये मावतं. उशिराचा राग दुसऱ्या दिवशी निवळतो, नाव चुकलेला फोटो अल्बमात राहतो, पण अंड्याचा मामला वेगळा आहे. आपल्याकडचे अन्नविषयक नियमही अंड्याला मांसाहारात धरतात, आणि ज्या घराने मुद्दाम एगलेस सांगितलं त्याला ते स्टेटस वाचून कळावं यासारखी वाईट गोष्ट नाही. त्या घरी फोनच करावा, तोही पोस्टीच्या आधी आणि शक्यतो कळल्या क्षणी, कारण काही घरांत कारण धर्माचं नसून ॲलर्जीचं असतं. क्रीम चढल्यावर अंड्याचा आणि बिनअंड्याचा चॉकलेट स्पंज डोळ्यांना सारखाच दिसतो. म्हणून डब्यातून काढतानाच बोर्डाखाली चिठ्ठी चिकटवायची असते. चौदाच्या घाईत राहून जाते ती हीच. (पाहा, ‘राहून जाते’! भाषा पुन्हा मदतीला धावली.)

‘तीनशे लोक स्टेटस बघतात, तडाखा चौदांपैकी आठ-नऊ जणांना बसला, मग बाकीच्यांना कशाला सांगायचं?’ हा शेवटचा आणि सगळ्यात शहाणा आक्षेप. लपवता आलं असतं तर तो मान्यही करता आला असता. पण प्रत्येक केकभोवती वीस-पंचवीस पाहुणे उभे होते आणि ‘स्वराली’च्या जागी ‘सोनाली’ त्या सगळ्यांनी वाचलं. 2018 च्या फेब्रुवारीत ब्रिटनमध्ये केएफसीने कोंबडी पोहोचवणारी कंपनी बदलली आणि शेकडो दुकानं कोंबडीविना बंद पडली. तेव्हा त्यांनी वर्तमानपत्रात पानभर जाहिरात दिली, रिकामी बादली आणि तिच्यावर आपल्याच नावाची अक्षरं शिवीसारखी वाचली जातील अशी उलटसुलट केलेली. कोंबडीच्या दुकानात कोंबडी नाही हे त्यांनी सरळ मान्य केलं. आपल्याला शिवीपर्यंत जायचं कारण नाही.

तर मजकूर असा: ‘रविवारी मी बाराच केक करू शकत होते, घेतले चौदा. त्यामुळे सहा घरी मी केक उशिरा पोहोचवला, दोन नावं मी चुकवली आणि एका घरी एगलेसऐवजी अंड्याचा केक दिला. सगळ्यांशी फोनवर बोलले आहे. चुकीच्या तिन्ही केकचे पूर्ण पैसे परत केले, उशिराच्या सहांचे निम्मे. यापुढे एका दिवशी बाराच, आणि एगलेसचे सगळे आधी.’ इमोजी नाही, अपरिहार्य काही नाही, आणि प्रत्येक क्रियापदाला कर्ता आहे. पोस्ट टाकल्यावर अर्ध्या तासात कोणीतरी अंगठा दाखवेल आणि खाली विचारेल, ‘ताई, येत्या रविवारी एक किलोचा मिळेल ना? घरचंच कार्य आहे, तेरावा धरा.’

तिथे ‘नाही’ लिहायचं आहे.