गाळेवाले अण्णा

पैसे मागायची लाज वाटणारा घरमालक कुणी पाहिला नसेल, तर त्याने सांगोल्यात यावं. अण्णांच्या अकरा गाळ्यांतल्या चौथ्या गाळ्यात माझं ठिबक आणि खतांचं दुकान आहे. महिनाअखेरीला अण्णा येतात, स्टुलावर बसतात, "डाळिंबाला यंदा तेल्या लई हाय का?" असं विचारतात, चहा पितात आणि उठतात. त्यांच्या त्या चौकशीचा अर्थ 'भाडं' असतो, हे कळायला मला दोन वर्षं लागली.

एप्रिलात मात्र अण्णा आले ते टंकलेलं पत्र घेऊन. अकरा गाळ्यांना अकरा पत्रं. 'आपण सहकुटुंब खुशाल असाल. विशेष लिहिण्यास कारण की, आपल्या गाळ्याच्या भाड्यावर १८ टक्के जीएसटी आकारणे आम्हांस भाग आहे. कृपया आपला जीएसटी नंबर, प्रमाणपत्रावरील नाव व पत्ता कळवावा. चूकभूल द्यावी घ्यावी.'

झालं होतं असं. मागल्या एप्रिलात, सुनेने चार वेळा ढोसल्यावर, अण्णांनी आयुष्यात पहिल्यांदा भाडं वाढवलं. पंधरा हजारांचं साडेपंधरा. पंधराने वर्षाचे १९ लाख ८० हजार होत होते, साडेपंधराने २० लाख ४६ हजार झाले. सेवेसाठी नोंदणीची मर्यादा २० लाख. मार्चचं भाडं जमा झालं आणि अण्णा रेषेपलीकडे गेले. तीस दिवसांत नोंदणी करा, असं सीएने सांगितलं. "पाचशे रुपयांची हाव नडली," असं अण्णा अजून म्हणतात.

मी त्यांना समजावलं की माझं काही बिघडत नाही. मालक नोंदणीकृत नसला आणि भाडेकरू असला, तर ऑक्टोबर २०२४ पासून दुकानाच्या भाड्यावरचा कर भाडेकरूनेच रोखीने भरायचा, असा नियम आहे. तो मी भरतच होतो आणि माझ्या विक्रीच्या करातून वळता करून घेत होतो. आता अण्णांना १८,२९० देईन, त्यातले २,७९० कराचे, आणि तेवढेच वळते करीन. अण्णा चकित झाले. "म्हणजे तू एवढे दिवस माझ्या भाड्याचा कर भरत हुतास? आन् मला बोलला न्हाईस?" त्या दिवशी चहाचे पैसे त्यांनी दिले.

सीएने आणखी एक गोष्ट सांगितली. अकराही भाडेकरू नोंदणीकृत असते, तर सगळा कर त्यांनीच भरला असता आणि अण्णांना नोंदणीच लागली नसती. घोडं अडलं ते नवव्या गाळ्यातल्या सलूनपाशी. त्याला नंबर नाही. अण्णांनी हे सलूनवाल्याला सांगितलं नाही. त्याला वाईट वाटेल म्हणून.

नंबर गोळा करताना अण्णा रंगात आले. शंभरपानी वहीत प्रत्येकाचं पान. एकाने दहाच अक्षरं दिली, तो पॅन निघाला. अण्णांनी त्याला समजावलं, पंधरा पाहिजेत: आधी महाराष्ट्राचे २७, मग पॅनची दहा, मग तीन. एकाने शून्याच्या जागी ओ लिहिला होता. असा नंबर बिलात गेला तर कर भरूनही भाडेकरूच्या खात्यावर दिसत नाही, आणि मग तो १४ तारखेला अण्णांच्या दारात. म्हणून अण्णा प्रत्येक नंबर जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकून नाव जुळवत. एका कापडदुकानदाराची नोंदणी रद्द झालेली दिसली, तर अण्णांनी मोबाईल उलटा ठेवला. कुणाची अंघोळ चुकून दिसावी तसा चेहरा. चार दिवस त्या दुकानावरून गेले नाहीत.

करारात नुसतं 'भाडे रु. १५,५००' लिहिलेलं. कर त्यात की वेगळा, एक अक्षर नाही. दहाजणांनी वेगळा देऊ म्हटलं. सलूनवाला म्हणाला, "अण्णा, माला कुठनं परत मिळायचं वो?" खरंच होतं. त्याला २,७९० म्हणजे नुसता खर्च.

अण्णा तेल्याबद्दल बोलले, पावसाबद्दल बोलले आणि परत आले. रात्री वहीत हिशेब मांडला. १५,५०० ला ११८ ने भागून शंभराने गुणलं: भाडं १३,१३६, कर २,३६४. वाढवलेले पाचशे गेलेच, वर जवळजवळ एकोणीसशे गेले.

सलूनचं बिल दर महिन्याला याच आकड्यांनी निघतं. अण्णा दाढीला तिथेच जातात आणि सलूनवाला त्यांच्याकडून दाढीचे पैसे घेतो.