पेन्शनची वाट परभणीतून जाते

डोंगरकड्याच्या जिल्हा परिषद शाळेतले गुरुजी 30 जूनला निवृत्त होतात. जूनचा पगार जुलैत हातात पडतो, त्यामुळे पहिला महिना काही जाणवत नाही. फटका ऑगस्टमध्ये बसतो. खात्यावर पगारही नाही आणि पेन्शनही नाही. मग कळमनुरीच्या पंचायत समितीत खेटे सुरू होतात आणि तिथे ठरलेलं वाक्य ऐकू येतं: "गुरुजी, फाईल त्रुटीत आहे."

ही त्रुटी जुलैत जन्मलेली नसते. बहुतेक वेळा ती पंचवीस-तीस वर्षांपूर्वीची असते आणि सेवापुस्तकाच्या एखाद्या पिवळ्या पानावर निवांत बसलेली असते.

हिंगोली जिल्हा 1 मे 1999 रोजी परभणीतून वेगळा झाला. आज निवृत्तीच्या उंबरठ्यावर असलेला इथला जो कर्मचारी त्याआधी नोकरीला लागला, त्याच्या सेवेची पहिली वर्षं परभणी जिल्हा परिषदेच्या दप्तरात आहेत. नेमणूक तिथली, पहिल्या वेतनवाढी तिथल्या, पगाराची देयकंही तिथलीच. पेन्शन मात्र हिंगोलीने मंजूर करायची. दोन जिल्ह्यांमधल्या या सांध्यातच फायली अडकतात.

एक उदाहरण घेऊ. जन्म जून 1969 मधला. ऑगस्ट 1994 मध्ये परभणी जिल्हा परिषदेत प्राथमिक शिक्षक, पहिली शाळा जिंतूर तालुक्यात. 1998 मध्ये कळमनुरी तालुक्यात बदली, पुढे डोंगरकडा. वयाच्या 58 व्या वर्षी, म्हणजे 30 जून 2027 रोजी निवृत्ती. (जन्मतारीख 1 जून असती तर निवृत्ती 31 मे रोजीच आली असती. महिन्याच्या पहिल्या तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो. शाळेत एक जून ही तारीख लागलेल्यांनी हा हिशेब आधीच करून ठेवावा.)

आता त्यांचं सेवापुस्तक उघडू. दरवर्षी कार्यालयाने पगाराच्या देयकांवरून सेवा तपासून 'सेवा पडताळणी केली' अशी नोंद करायची आणि खाली अधिकाऱ्याने सही करायची, असा नियम आहे. 1996-97 ची नोंद नाही. त्या वर्षी गुरुजी रोज शाळेत होते, मुलांना शिकवत होते, पगारही घेत होते. पण नोंद नाही, म्हणजे वित्त विभागाच्या लेखी ते वर्ष सिद्ध झालेलं नाही.

पुढचं पान पाचव्या वेतन आयोगाच्या वेतननिश्चितीचं. आयोग 1 जानेवारी 1996 पासून लागू झाला, पण राज्याचे नियम डिसेंबर 1998 मध्ये आले. म्हणजे वेतननिश्चितीची धांदल नेमकी जिल्हा विभागणीच्या तोंडावर झाली. तिथे एक वेतनवाढ चुकीच्या तारखेला धरली गेली असेल, तर ती चूक सहाव्या आयोगात गेली, तिथून सातव्यात आली, आणि आज शेवटच्या मूळ वेतनात बसली आहे. पेन्शन त्याच वेतनाच्या निम्मी असते. शेवटचं मूळ वेतन 70,000 रुपये असेल तर मूळ पेन्शन 35,000. ही फाईल सहा महिने थांबली तर महागाई भत्ता सोडूनही दोन लाख दहा हजार रुपये घराबाहेर थांबले.

महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम 1982 सालचे आहेत आणि या बाबतीत अगदी स्पष्ट आहेत. कार्यालयाने पेन्शनचं काम निवृत्तीच्या दोन वर्षं आधी सुरू करायचं. पूर्ण झालेली कागदपत्रं सहा महिने आधी मंजुरीसाठी पुढे पाठवायची. आपल्या गुरुजींसाठी या तारखा जून 2025 आणि डिसेंबर 2026 अशा येतात. दोन वर्षं दिली आहेत ती सह्या करायला नव्हेत, अशी जुनी भोकं बुजवायला दिली आहेत.

1996-97 चं भोक बुजवायचं कसं? आधी त्या वेळच्या कार्यालयाला, म्हणजे जिंतूरच्या पंचायत समितीला, पत्र जातं. तिथे जुनी वेतन देयकं सापडली तर त्यावरून पडताळणी होते आणि काम संपतं. देयकं सापडली नाहीत तरी वाट बंद होत नाही. कर्मचाऱ्याने साध्या कागदावर लेखी निवेदन द्यायचं, ते खरं असल्याची प्रतिज्ञा करायची आणि जवळ असेल तो पुरावा जोडायचा. त्या काळची वेतनचिठ्ठी, बदलीचा आदेश, शाळेचं हजेरीपत्रक, सोबतच्या शिक्षकाचा जबाब, काहीही. पण जुनं दप्तर शोधायला महिने लागतात, आणि सोबतचा शिक्षक स्वतःच निवृत्त होऊन पुण्याला मुलाकडे गेलेला असतो. दोन वर्षं हाताशी असताना हे काम शांतपणे होतं. जुलैत सुरू केलं तर तेच काम पोटावर येतं.

वेतननिश्चितीतली चूक लवकर शोधण्याचं आणखी एक कारण आहे. जास्त दिलेला पगार निवृत्तीच्या तोंडावर ग्रॅच्युइटीतून कापायची कार्यालयांना सवय आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये पंजाब राज्य विरुद्ध रफीक मसीह या खटल्यात वर्ग तीन आणि चारच्या कर्मचाऱ्यांकडून, तसंच निवृत्त झालेल्या किंवा वर्षभरात निवृत्त होणाऱ्यांकडून अशी वसुली करू नये, असं सांगितलं. पण वेतननिश्चितीच्या वेळी 'जादा रक्कम परत करीन' असं हमीपत्र दिलेलं असेल तर वाद उभा राहतो, आणि वाद म्हणजे पुन्हा उशीर. आज चूक सापडली तर आज दुरुस्त होते.

तिसरी अडचण घरातली आहे, आणि ती सोडवायला परभणीला जावं लागत नाही. गुरुजींच्या पश्चात कुटुंबनिवृत्तिवेतन पत्नीला मिळणार. सेवापुस्तकातल्या कुटुंबाच्या तपशिलात तिचं नाव एक, आधारवर दुसरं, बँकेत तिसरं. सुमन, सुमनबाई, सुमनताई. गुरुजी हयात असताना ही दुरुस्ती एका अर्जाची आहे. नंतर त्याच बाईला ती तीच असल्याचं शपथपत्र घेऊन दारोदार फिरावं लागतं. पतीच्या पेन्शनवर पत्नीचा हक्क आहे, मग त्या कागदांवरचं स्वतःचं नाव तिने स्वतः वाचून पाहिलं पाहिजे.

आणि एवढं करूनही कार्यालयाने उशीर केलाच, तर तात्पुरतं निवृत्तिवेतन लेखी मागा. अंतिम आदेश येईपर्यंत ते देण्याची तरतूद याच नियमांत आहे. उशीर प्रशासनाच्या चुकीमुळे झाला असेल तर व्याजाचीही आहे. तोंडी मागणीला आवक क्रमांक नसतो, म्हणून अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या.

ज्या कार्यालयांत सेवा पडताळणीच्या सह्या निवृत्तीच्या महिन्यात एकदम घेतल्या जातात, ती कार्यालयं नियम मोडत आहेत. त्याची किंमत लिपिक भरत नाही, अधिकारीही भरत नाही. ती भरतो तेहतीस वर्षं शिकवलेला माणूस.

कळमनुरी तालुक्यात 2027 आणि 2028 मध्ये निवृत्त होणाऱ्या प्रत्येकाला माझं एकच सांगणं आहे. या आठवड्यात पंचायत समितीत जा, सेवापुस्तक मागा आणि 1 मे 1999 च्या आधीचं प्रत्येक पान स्वतः वाचा. ज्या वर्षापुढे सही नाही ते वर्ष लिहून घ्या आणि त्याच दिवशी अर्ज द्या.