सप्रेम नमस्कार, थकबाकी

(टेबल, खुर्ची, जाडजूड फाइल. खजिनदार चष्मा पुसत येतो.)

डोंबिवलीत सोसायटीचा खजिनदार निवडून येत नाही. जनरल बॉडीला जो गैरहजर, तो होतो. मी त्या दिवशी मेव्हण्याच्या साखरपुड्याला गेलो होतो. पुढे त्याचं लग्न मोडलं, तो सुटला. मी अजून खजिनदार आहे.

आणि माझ्या वाट्याला आले ४०२ चे नाना. चोवीस महिन्यांचा मेंटेनन्स बाकी.

(नाना, घसा खाकरून) "अरे, पैसे काय पळून जातात का?"

नाही ना नाना! आपले आपण पळत नाहीत, म्हणून तर म्हणतो, जरा पुढे ढकला.

"आधी गच्चीची गळती बघ." बरं, पावसाळ्यात गळते, उन्हाळ्यात तरी द्या! "उन्हाळ्यात गळत नाही, म्हणून तुम्ही दुरुस्त करत नाही. म्हणून मी देत नाही."

शेवटी पत्र लिहायला बसलो. (कागद धरून) "सप्रेम नमस्कार. दरमहा ४,००० प्रमाणे २४ महिन्यांचे मुद्दल ९६,००० आणि व्याज २१,००० येणे आहे. गळतीची तक्रार वेगळी नोंदवली आहे, तिच्यापोटी मेंटेनन्स अडवता येत नाही."

"एकवीस हजार? सावकार आहेस का?"

नाना, उपविधीत वर्षाला जास्तीत जास्त २१ टक्के लावता येतात. आपल्या जनरल बॉडीने तेवढेच ठरवले. इतिवृत्त बघा. सूचक जोशीकाका. अनुमोदक... (चष्मा वर करून) नाना.

म्हणजे महिन्याला पावणेदोन टक्के. एका बिलावर ७० रुपये. सगळ्यात जुनं बिल चोवीस महिने तुंबलंय, सगळ्यात नवं एक महिना. सगळ्यांचे महिने मिळवा, ३०० होतात. ३०० गुणिले ७०. आधीच्या खजिनदाराने काय केलं होतं? व्याजावर व्याज! तीन हजार जास्त. लावायचं असतं सरळव्याज. आणि ही चूक पकडली कोणी? नानांनी! दोन वर्षं एक दमडी न देता वहीतली पै न् पै तपासणारा ऑडिटर मी दुसरा पाहिला नाही.

"हिशेब चोख पाहिजे रे. देणं-घेणं नंतर."

पत्रात पुढे. "आपल्या सोयीसाठी टप्प्यांची सवलत. करारावर सही करतानाच २४,०००. नंतर १२,००० चे सहा चेक, आजच, पुढच्या तारखांचे. प्रत्येक रक्कम आधी मुद्दलात जमा होईल. चालू महिन्याचे ४,००० मात्र वेगळे भरायचे."

ही शेवटची ओळ मी मुद्दाम ठळक टाइप केली. बाकीची सगळी मंडळी इथेच फसतात. जुनं फेडतात, नवं थकवतात. सहा महिन्यांनी परत तेच पत्र, फक्त तारीख बदलायची.

"आणि व्याज?" व्याज बाजूला ठेवतो, नाना. सगळे चेक वटले की सवलतीचा विषय जनरल बॉडीपुढे. मला माफ करायचा अधिकार नाही. एक जरी चेक परत आला तर करार रद्द, पूर्ण व्याज उभं, आणि मी उपनिबंधकांकडे वसुली दाखल्याला. कलम १५४बी-२९! थकबाकी जमीन महसुलासारखी वसूल होते.

"जमीन कुठाय? मी चौथ्या मजल्यावर राहतो."

(थांबतो. हळू.) खरं सांगू? मागच्या कमिटीने नानांचं नाव नोटीस बोर्डावर लावलं होतं. पोस्टरच्या आकारात. ज्यांनी लावलं ते सगळे एकेकाळी नानांकडे सत्यनारायणाचा शिरा खाऊन गेलेले. तेव्हापासून नाना गणपतीच्या आरतीला खाली उतरत नाहीत. लिफ्टमध्ये कोणी भेटेल म्हणून जिन्याने जातात. चार मजले. मध्ये दुसऱ्या मजल्यावर कठड्याला धरून उभे राहतात, कोणी आलं की खिशात किल्ली शोधल्यासारखं करतात. मी बोर्डावरचा तो कागद काढला, म्हटलं, पैसे मागायचे तर पाकिटात घालून मागू.

पाकीट घेऊन गेलो. नानांनी वाचलं. डोळे ओले. म्हणाले,

"दोन वर्षं मी लिफ्ट वापरली नाही. लिफ्टचे वजा कर."

(कपाळावर हात.)

केले नाहीत! लिफ्टचा खर्च वापरावर नसतो, नाना, फ्लॅटवर असतो. तळमजल्याच्या वहिनीसुद्धा भरतात, आणि मला रोज ऐकवतात.

शेवटी सही झाली. चोवीस हजारांचा चेक समोर ठेवला. मग दर महिन्याच्या तीस तारखेचे सहा चेक, सप्टेंबरपासून, मोत्यासारख्या अक्षरात. मी एकेक उलटतो. सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी...

नाना, ३० फेब्रुवारी?

"तारीख आली की भर रे बँकेत. घाई करू नकोस."

(अंधार.)