बारसं आधी, जन्म नंतर

नव्या उद्योजकाचा समज असा, की नाव मंजूर झालं की कंपनी झाली. म्हणून 'सह्याद्री फूड्स' सुचताच व्हिजिटिंग कार्डं छापायला जातात. आधीच 'सह्याद्री फूड' नावाची कंपनी असेल, तर एक 'स' वाढवून सरकार फसत नाही. अनेकवचन, जोडून-तोडून लिहिणं किंवा स्पेलिंगची कसरत नियमाला वेगळेपण वाटत नाही. SPICe+ अर्जाच्या भाग 'अ'मध्ये दोनच नावं देता येतात, तेव्हा ट्रेडमार्कची यादीही आधीच पाहावी.

नाव मिळालं तरी ते फक्त 20 दिवस राखीव असतं. खरी परीक्षा भाग 'ब'ची: दोन संचालक, दोन भागधारक, डिजिटल सह्या, घटनापत्र, नियमावली आणि पत्ता. पत्ता मामांच्या गाळ्याचा असेल, तर मामांचं संमतिपत्र हवं आणि दोन महिन्यांच्या आतलं वीजबिल. बिल मात्र दिवंगत आजोबांच्या नावावर, आणि वारसनोंद 20 दिवसांत होत नसते! कोणी म्हणेल, मुदतवाढ मिळते की. मिळते, पैसे भरून. पण त्यानं आजोबांचं नाव बदलत नाही. मग कुणी म्हणेल, हा लालफितीचा जाच. पण पत्ताच खोटा असेल, तर फसलेल्या ग्राहकानं नोटीस कुठे धाडायची? म्हणून आधी वीजबिल वाचावं, मग नाव शोधावं. कागद जुळले की प्रमाणपत्र येतं, पॅन-टॅनसकट. कंपनीचा जन्म त्या तारखेचा. कार्डं तेव्हा छापावीत.